चुकीवरचा निबंध कसा लिहावा: उद्यमबागेतल्या एका टेस्ट रिपोर्टच्या आधारे

बारावी, डिप्लोमा किंवा पदवी झाल्यावर बाहेरच्या विद्यापीठाला किंवा शिष्यवृत्तीला अर्ज करणाऱ्या मुलांना हल्ली एक प्रश्न हमखास येतो. शाळेत किंवा कामावर तुमची झालेली एखादी चूक, किंवा काय करावं हे कळेनासं झालेला एखादा प्रसंग लिहा आणि त्यातून काय शिकलात ते सांगा. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं वापरतात त्या कॉमन अ‍ॅपच्या निबंधाला 650 शब्दांची मर्यादा आहे आणि तिथल्या विषयांपैकी एक अपयशाविषयीच आहे. आपल्याकडच्या काही अर्जांत याच प्रश्नाला तीनशे-चारशे शब्दांची चौकट मिळते, तर काही ठिकाणी हाच प्रश्न मुलाखतीत तोंडी विचारतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे असे निबंध मी वाचून देतो. इथे एकाच निबंधाची बांधणी सुरुवातीपासून दाखवतो. प्रसंग उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक भागातल्या एका फाउंड्रीतला, म्हणजे लोखंड वितळवून साच्यांत ओतणाऱ्या कारखान्यातला आहे. दोन-तीन मुलांच्या हकिगती एकत्र करून तो बेतला आहे, त्यामुळे त्यावरून कुठला कारखाना ओळखायचा प्रयत्न करू नका.

आधी प्रसंग निवडा

आपल्या भागातली मुलं पहिल्या खेपेला बहुतेक वेळा सीमाप्रश्नावर लिहून आणतात. 1956 ला राज्यं झाली आणि आपण इकडे राहिलो, 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात, ऑफिसात मराठीत अर्ज घेत नाहीत, असं सगळं. हे खरं आहे आणि आपल्या घराघरातलं आहे. तरीही या प्रश्नाचं ते उत्तर नाही, कारण इथे अन्याय दुसऱ्याने केला आहे. प्रश्न तुमच्या निर्णयाबद्दल आहे. तुमच्या हातात दोन वाटा होत्या का आणि त्यातली एक तुम्ही धरलीत का, एवढंच वाचणाऱ्याला पाहायचं असतं.

मात्र त्याच सीमाभागातून अगदी योग्य प्रसंगही निघतो. ऑनलाइन अर्ज भरून देण्याच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाकडे एक आजी पेन्शनचा कन्नड फॉर्म घेऊन येते. त्याला कन्नड वाचता येतं, पण सरकारी कन्नड नीट कळत नाही. मागे रांग आहे. एका रकान्याचा अर्थ तो अंदाजाने लावतो आणि आजीला ठासून सांगतो, "असंच लिहायचं असतंय." हा त्याचा स्वतःचा निर्णय आहे. सीमाप्रश्न इथेही आहे, पण तो मागे उभा आहे आणि पुढे तो मुलगा आहे.

प्रसंग निवडताना स्वतःला विचारा: मला खरं कधी कळलं आणि मी ते कधी सांगितलं? या दोन वेळांमध्ये काही अंतर असेल, तर निबंध तिथे आहे. कळल्याबरोबर सांगून टाकलं असेल तर लिहिण्यासारखं फारसं उरत नाही. आणि अजून सांगितलंच नसेल तर आधी निबंध बाजूला ठेवा. ज्या गोष्टीमुळे आजही कुणाचं नुकसान होऊ शकतं, ती पहिल्यांदा प्रवेश समितीला सांगायची नसते. ज्याला सांगायला हवी त्याला सांगा, मग लिहायला बसा. गुन्ह्यापर्यंत जाणारं काही असेल तर घरातल्या मोठ्या माणसाशी आणि वकिलाशी बोलल्याशिवाय ते कागदावर आणू नका.

वहीत वेळापत्रक मांडा

निबंध लिहायला एकदम सुरुवात करू नका. वहीचं एक पान घ्या आणि घडलेलं तासातासाने, आपल्या बोलीत मांडा. आपल्या उदाहरणातला मुलगा खानापूर तालुक्यातला, डिप्लोमा करून उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून लागलेला. हीट म्हणजे भट्टीतून एका खेपेला निघालेला लोखंडाचा रस आणि टेस्ट बार म्हणजे त्याच रसाचा, मशीनवर ओढून तोडायचा नमुना, एवढं माहीत असलं की त्याच्या वहीतलं पान वाचता येतं. ते साधारण असं होतं.

पहिला दिवस. दुपारी एसजी आयर्नच्या चार हीट झाल्या. ग्रेड 500/7. संध्याकाळी सहाला ट्रक गेटवर. तीन हीटचे टेस्ट बार झाले, चौथ्याचा बार लेथवर गेलाच नव्हता, लेथवाला सुटून गेला होता. चौथ्या हीटचा छोटा तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहिला, ठीक होता. सुपरवायझर अण्णा म्हणाले, तोच चार्ज, तोच रस, तिसऱ्या हीटचंच टाक की. टाकलं. सही केली. ट्रक गेला.

दुसरा दिवस. सकाळी लेथवाल्याने न सांगता चौथ्याचा बार करून आणून दिला. अकराला बार ओढला. तुटलेले दोन भाग जोडून मोजले, 52.5. परत मोजले, 52.5. बार ड्रॉवरमध्ये ठेवला. अण्णांबरोबर जेवलो, बोललो नाही. साडेचारला क्वालिटी मॅनेजरांना सांगितलं.

आता या पानाकडे बघा. बाहेरच्या माणसाला यातलं काय कळायला हवं? 500/7 म्हणजे त्या लोखंडाची ताकद निदान 500 मेगापास्कल आणि ओढल्यावर तुटेपर्यंतची लांबी निदान 7 टक्क्यांनी वाढली पाहिजे. बारवर चाचणीआधी 50 मिलिमीटरची खूण केलेली असते. तुटल्यावर दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून जोडायचे आणि खुणांमधलं अंतर मोजायचं. ते 53.5 असेल तर 7 टक्के. इथे 52.5 आलं, म्हणजे 5 टक्के. त्या मुलाची सगळी अडचण या एका मिलिमीटरची होती. निबंधात ताकद, ग्रेड, मानकाचा क्रमांक असं काही आणायची गरज नाही. हा एक मिलिमीटर तेवढा वाचणाऱ्याला दिसला पाहिजे.

चुकीच्या वाटेचं वजन खरं लिहा

इथे बहुतेक निबंध फसतात. मुलं लिहितात की वरिष्ठांनी दबाव आणला आणि मी घाबरलो. मग वरिष्ठ खलनायक होतो आणि लिहिणारा बिचारा. वाचणाऱ्याला वाटतं, यात कसला पेच? सरळ नाही म्हणायचं होतं.

अण्णांचं म्हणणं मुळीच मूर्खपणाचं नव्हतं. चारही हीटचा माल एकाच मापाचा होता, रसायनं जवळपास सारखी आली होती, मायक्रोस्कोपखालचा तुकडाही चांगला होता. रोज हे काम करणाऱ्याला चौथी हीट तिसरीसारखीच असणार असं वाटणं साहजिक आहे. शिवाय अण्णा त्याच्या शेजारच्या गावचे. त्यांच्या शब्दावर त्याला काम मिळालं होतं आणि तुकडा पॉलिश कसा करायचा हेही त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. ट्रक रात्री निघाला नसता तर सकाळी गिऱ्हाइकाची लाइन थांबली असती. हे सगळं निबंधात आलं की वाचणारा मनात म्हणतो, मीही कदाचित सही केली असती. त्याला तिथवर नेल्याशिवाय तुमच्या निर्णयाला किंमत येत नाही.

दुसऱ्या बाजूचं वजनही तितकंच नेमकं हवं. "लोकांच्या जिवाशी खेळ" असं मोघम लिहून चालत नाही. लांबी कमी वाढणारं लोखंड अचानक धक्का बसला तर वाकण्याऐवजी तडकतं. तो भाग गाडीत बसणार होता. एवढं एक वाक्य पुरतं.

मग रिपोर्ट कशामुळे चुकला, तेही समजून घ्या, कारण शिकलेली गोष्ट तिथून निघते. एसजी आयर्नमध्ये रसात मॅग्नेशियम टाकतात, त्यामुळे आतला ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात तयार होतो आणि लोखंडाला लवचिकपणा येतो. हा परिणाम टिकून राहत नाही. साधारण दहा-बारा मिनिटांत रस साच्यांत गेला नाही तर तो ओसरत जातो. त्या दिवशी ओतकाम मध्ये थोडं थांबलं होतं. मायक्रोस्कोपचा तुकडा सुरुवातीच्या साच्याबरोबरचा होता आणि टेस्ट बारचा साचा शेवटी भरला होता. तुकडा चांगला दिसला आणि बार कमी पडला, दोन्ही खरं होतं. अण्णांनी आणि त्या मुलाने एकाच हीटमध्ये सुरुवात आणि शेवट वेगळे असू शकतात हे धरलं नव्हतं.

पहिला मसुदा आणि दुसरा

त्याने आणलेला पहिला मसुदा या सुरात होता:

"कामाच्या ताणामुळे माझ्याकडून एक रिपोर्ट चुकीचा दिला गेला. ही बाब लक्षात आल्यावर मी त्वरित वरिष्ठांना कळवले. या प्रसंगातून मला प्रामाणिकपणाचे महत्त्व समजले व मी पुन्हा अशी चूक न करण्याचा निश्चय केला."

यातलं "त्वरित" खोटं आहे. अकरा ते साडेचार म्हणजे साडेपाच तास. "दिला गेला" म्हटल्यावर सही कुणाची होती ते कळत नाही. तिसरं वाक्य तर पास झालेल्या बारबद्दलही लिहिता आलं असतं.

वहीतलं पान समोर ठेवून लिहिलेला दुसरा मसुदा असा झाला:

"चौथ्या हीटचा बार तयार नव्हता. अण्णा म्हणाले, 'तोच चार्ज, तोच रस. तिसऱ्या हीटचंच टाक की.' मला ते पटलं, कारण मायक्रोस्कोपखाली तुकडा चांगला दिसला होता. मी 9 टक्के लिहिलं आणि सही केली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो बार ओढला. दोन तुकडे जोडून मोजले तर 52.5 मिलिमीटर. 53.5 हवं होतं. मी बार ड्रॉवरमध्ये ठेवला. जेवताना अण्णा माझ्या समोर होते. मी सांगितलं तर त्यांचं नाव येणार, आणि त्यांच्यामुळेच मी इथे होतो. तीन वाजता पुढचा ट्रक भरायला लागला. त्यात त्याच हीटचा उरलेला माल होता. तो थांबवायचा तर कारण सांगावं लागणार होतं. मी आधी अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'चल, दोघं जाऊ.' साडेचारला आम्ही मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेलो."

दुसऱ्या मसुद्यात चांगुलपणाचा शब्द एकदाही नाही. मुलगा पहिल्या ट्रकनंतर गप्प बसला आणि दुसऱ्या ट्रकने त्याला बोलायला लावलं, हे त्याने लपवलं नाही. पुष्कळ मुलांना इथे वाटतं, की साडेपाच तास गप्प होतो हे लिहिलं तर प्रवेश जाईल. माझा अनुभव उलटा आहे. लगेच सांगणाऱ्या नायकाच्या गोष्टी वाचणाऱ्यांनी ढिगाने वाचलेल्या असतात. ड्रॉवरमध्ये ठेवलेला बार त्यांच्या लक्षात राहतो.

अण्णा कसे आलेत तेही बघा. त्यांनी चुकीचं सांगितलं आणि तेच बरोबर आले. दोन्ही ओळी राहिल्या की माणूस पुरा दिसतो. तुमच्या निबंधात दुसऱ्या कुणाची चूक येत असेल तर त्याच्या बाजूचं एक खरं वाक्य असल्याशिवाय मसुदा पुढे नेऊ नका.

नावं आणि ओळख

कारखान्याचं नाव, गिऱ्हाइकाचं नाव, हीट नंबर, तारीख, भागाचं नाव, यातलं काहीही नको. शिकाऊ म्हणून लागताना बहुतेक ठिकाणी गोपनीयतेच्या कागदावर सही घेतलेली असते. तो कागद काढून वाचा. बेळगावात फाउंड्रीचं जग लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. म्हणून ओळख पटेल असे बारकावे बदला: गाव, वय, नातं. वेळा, मापं, कोण कोणाला काय म्हणालं आणि तुम्ही काय केलंत हे मात्र बदलायचं नाही. शाळेतला प्रसंग असेल तर वर्गमित्राचं नाव तर नकोच, पण "आमच्या वर्गातला पहिला आलेला मुलगा" असंही नको, कारण तो एकच असतो.

जमलं तर मसुदा त्या प्रसंगात असलेल्या एका माणसाला वाचून दाखवा. आपल्या या मुलाने अण्णांना वाचून दाखवला. अण्णांनी एकच दुरुस्ती सांगितली: लेथवाला सुटला नव्हता, त्याला दुसऱ्या कामाला लावलं होतं. बारीक गोष्ट, पण निबंधात एका निर्दोष माणसावर ठपका आला असता.

शिकलो म्हणजे काय बदललं

"काय शिकलात" याचं उत्तर भावनेत देऊ नका, कामाच्या पद्धतीत द्या. दुसऱ्या कुणाला जाऊन तपासता येईल असं काही. या मुलाच्या दोन गोष्टी बदलल्या. मायक्रोस्कोपचा तुकडा तो आता शेवटी भरलेल्या साच्याबरोबरचा घेतो, कारण बिघाड असलाच तर तिथे आधी दिसतो. आणि बार झाला नसेल तर रिपोर्टचा रकाना रिकामा सोडून त्यात "चाचणी बाकी" लिहितो. त्यामुळे कधी ट्रक थांबतो आणि त्यावरून वाद होतो, हेही त्याने लिहिलं. ते महत्त्वाचं आहे. नव्या पद्धतीची किंमत सांगितली की ती खरी वाटते.

परिणाम थोडक्यात आणि जसाच्या तसा सांगा. गिऱ्हाइकाला कळवलं, त्यांनी ती हीट बाजूला काढली, शेवटच्या साच्यांचा माल परत आला. त्या मुलाला लेखी ताकीद मिळाली. कुणी पाठ थोपटली नाही. थोपटली असती तरी ती मी काढायलाच सांगितली असती, कारण मग निबंध शाबासकीच्या दिशेने जातो.

शब्दांची वाटणी म्हणाल तर 650 शब्दांत प्रसंग उभा करायला शंभर-सव्वाशे, सहीपर्यंत पोचायला शंभर, अकरा ते साडेचारला निदान अडीचशे, बाकीचे परिणाम आणि बदललेल्या पद्धतीला. मुलं उलटं करतात. अर्धा निबंध कारखान्याच्या ओळखीत जातो आणि निर्णयाला दोन ओळी उरतात.

इंग्रजीत नेताना

मराठी मसुदा पक्का झाल्यावर स्वतः इंग्रजीत लिहा. मराठीत "साच्याबरोबरचा" हा एक शब्द आहे, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतात. त्यामुळे मराठी मजकूर साडेचारशेच्या आसपास ठेवला तर इंग्रजी 650 मध्ये बसतो. वाक्य अडलं तर दुसऱ्याकडून भारी इंग्रजी घेण्यापेक्षा ते वाक्य लहान करा. मुलाखतीत त्याच इंग्रजीत बोलायचं असतं, आणि कागदावरचा माणूस वेगळा निघाला तर समितीला लगेच कळतं. "अण्णा" तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे तीन-चार शब्दांत ते कोण हे सांगा. एसएसएलसी, डिप्लोमाचं वर्ष, शिकाऊ म्हणजे नेमकं काय, हेही बाहेरच्याला माहीत नसतं.

मुलाखतीची तयारी निबंधातच असते

पाठवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा, कारण मुलाखतीत तो येतोच: निकाल चांगला आला असता तर? बार 53.5 च्या वर गेला असता तर त्या मुलाने खोट्या आकड्याबद्दल कुणाला सांगितलं असतं का?

त्याने यावर बराच विचार केला. सांगितलं नसतं, असं तो शेवटी म्हणाला. आकडा जुळला असता, सगळे खूश असते आणि पुढच्या खेपेला त्याने अण्णांचं म्हणणं अजून लवकर ऐकलं असतं. मी त्याला हे वाक्य निबंधात घालायला सांगितलं. त्यासाठी शेवटच्या परिच्छेदातली जबाबदारीवरची दोन वाक्यं काढावी लागली, तेव्हा कुठे 650 शब्दांत बसलं.